‘म्न्ये न्रावित्सा’: इंग्लिशमधला ‘आय’ रशियनमध्ये कुठे जातो?

प्रश्न: मी इंग्लिशमधून रशियन शिकतेय. ‘आय लाइक’ला ‘म्न्ये न्रावित्सा’ आणि ‘आय नीड’ला कधी ‘म्न्ये नूझेन’, कधी ‘नुझ्ना’, कधी ‘नूझ्नो’. मी सवयीने ‘या’ने (म्हणजे ‘मी’ने) वाक्य सुरू करते आणि चुकते. कुठला शब्द कशावरून बदलतो ते एकदा नीट सांगाल का?

उत्तर:

तुमची अडचण रशियन नाहीये, अडचण आहे मध्ये बसलेलं इंग्लिश. मी बरीच वर्षं पुण्यात रशियन शिकवते आणि अनुवादही करते, आणि हीच चूक दर बॅचमध्ये बघते, मराठी मुलं, घरी दिवसभर ‘मला आवडतं, मला हवंय’ बोलणारी, पण वर्गात आली की आधी डोक्यात इंग्लिश वाक्य तयार करतात आणि मग त्याचं रशियन करायला घेतात. म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जायचंय आणि आधी मुंबई गाठायची.

रशियन शब्द मी इथे देवनागरीत लिहितेय, साधारण स्पेलिंगप्रमाणे. उच्चार थोडे वेगळे असतात, म्हणजे ‘न्रावित्सा’च्या शेवटचा आवाज खरं तर आपल्या ‘चाक’मधल्या च सारखा आणि तोही जोर देऊन. ते ऐकूनच जमेल.

आता एक वाक्य घ्या. ‘आय लाइक धिस बुक’. यात आवडणारा माणूस मालक आहे, क्रियापद त्याच्या ताब्यात, पुस्तक बिचारं शेवटी कर्म म्हणून उभं. मराठीत काय म्हणतो? ‘मला हे पुस्तक आवडतं.’ इथे मालक पुस्तक आहे. पुस्तक नपुंसकलिंगी म्हणून ‘आवडतं’, चहा असता तर ‘आवडतो’, भाजी असती तर ‘आवडते’, आणि पुस्तकं असती तर ‘आवडतात’. मी बाई आहे की पुरुष, एक की दहा, क्रियापदाला काही पडलेली नाही. मी बाजूला ‘मला’ होऊन बसलेय.

रशियनमध्ये अगदी हेच. ‘म्न्ये न्रावित्सा एता क्नीगा’. म्न्ये म्हणजे मला, क्नीगा म्हणजे पुस्तक, आणि पुस्तक प्रथमा विभक्तीत, म्हणजे व्याकरणाने कर्ता तेच. पुस्तकं अनेक झाली की ‘म्न्ये न्रावित्सा’चं ‘म्न्ये न्राव्यात्सा एती क्नीगी’ होतं. मी तीच, पुस्तकं वाढली म्हणून क्रियापद बदललं.

याची खरी परीक्षा माणसांबद्दल बोलताना होते. ‘मी तुला आवडते का?’ हे वाक्य बोलताना मराठी माणूस एक सेकंदही विचार करत नाही, रशियनमध्ये तेच शब्द त्याच क्रमाने, ‘या तेब्ये न्राव्ल्यूस?’ या म्हणजे मी, तेब्ये म्हणजे तुला, आणि ‘न्राव्ल्यूस’ हे ‘मी’चं रूप. आता इंग्लिशमधून आलेल्या मुलाला हे वाक्य दाखवा, तो समोर ‘या’ बघून हमखास ‘मला तू आवडतेस’ असा उलटा अर्थ लावतो. कोण कोणाला आवडतं हेच उलटं झालं तर पुढे काय काय होऊ शकतं ते मी सांगायला नको.

(गंमत म्हणजे जुन्या इंग्लिशमध्येही हा ‘लाइक’ आपल्यासारखाच होता, वस्तू माणसाला आवडायची आणि माणूस चतुर्थीत असायचा. नंतर त्यांच्या विभक्त्या झिजल्या, वाक्यात पहिला येतो तो कर्ता असं ठरलं आणि माणूस सरकत सरकत कर्त्याच्या खुर्चीत जाऊन बसला. रशियनमध्ये आणि आपल्यात विभक्त्या टिकल्या म्हणून ‘मला’ टिकला.)

भूतकाळ तर मराठीवाल्यांना फुकटात मिळतो. रशियनमध्ये दोन रूपं आहेत, ‘न्राविल्स्या’ आणि ‘पोन्राविल्स्या’, आणि इंग्लिशमध्ये दोन्हीला ‘लाइक्ड’ एवढंच, त्यामुळे इंग्लिश पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. मी वर्गात फक्त इतकं सांगते की पहिलं म्हणजे ‘आवडायचा’ आणि दुसरं म्हणजे ‘आवडला’. ‘पूर्वी मला हा सिनेमा आवडायचा’ याला न्राविल्स्या, ‘काल बघितला, आवडला’ याला पोन्राविल्स्या. आणि शेवट पुन्हा आवडलेल्या वस्तूप्रमाणे: सिनेमा म्हणजे फिल्म हा रशियनमध्ये पुल्लिंगी म्हणून पोन्राविल्स्या, खोली म्हणजे कोम्नाता स्त्रीलिंगी म्हणून पोन्राविलास, पत्र म्हणजे पिस्मो नपुंसकलिंगी म्हणून पोन्राविलोस, अनेकवचनी पोन्राविलिस. आवडला, आवडली, आवडलं, आवडले. आपल्यासारखी तीन लिंगं तिथेही आहेत ही केवढी सोय आहे, हिंदीवाल्याला विचारा, त्याला नपुंसकलिंग पहिल्यापासून शिकावं लागतं.

आता ‘आय नीड’. इथे बहुतेक जण गडबडतात कारण नूझेन हे क्रियापद नाहीच, ते विशेषणासारखं आहे, ‘हवा असलेला’ अशा अर्थाचं. आणि आपला ‘हवा’ अगदी तसाच आहे. मला चहा हवा, मला वही हवी, मला पेन हवं, मला पैसे हवे. रशियनमध्ये नूझेन, नुझ्ना, नूझ्नो, नुझ्नी. किल्ली म्हणजे क्ल्यूच, ‘म्न्ये नूझेन क्ल्यूच’. पुस्तक, ‘म्न्ये नुझ्ना क्नीगा’. कोट म्हणजे पाल्तो, ‘म्न्ये नूझ्नो पाल्तो’. पैसे म्हणजे देन्गी, आणि पैसे त्यांच्याकडेही अनेकवचनीच, म्हणून ‘म्न्ये नुझ्नी देन्गी’. स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी रूपांत बोलताना फरक मुख्यतः जोराचा आहे, नुझ्ना मध्ये जोर शेवटी, नूझ्नो मध्ये सुरुवातीला आणि शेवटचा ओ पुसट, त्यामुळे कानाला दोन्ही जवळजवळ सारखी वाटली तर घाबरू नका, जोर कुठे आहे तेवढं ऐका.

एक कळकळीची सूचना: मनात ‘पाहिजे’ वापरू नका, ‘हवा’च वापरा. मला चहा पाहिजे, वही पाहिजे, पेन पाहिजे, पाहिजे लिंगाप्रमाणे हलत नाही आणि मग रशियनमध्येही मुलं एकच रूप सगळीकडे चिकटवतात, बहुतेक वेळा नूझ्नो. ‘नको’चंही तेच. मराठीत चहा नको, वही नको, पेन नको, पण रशियनमध्ये नकारात फक्त ‘न्ये’ लागतो आणि शब्द तसाच वस्तूप्रमाणे बदलत राहतो, न्ये नूझेन, न्ये नुझ्ना. म्हणून नकारार्थी वाक्य करताना आधी मनात होकारार्थी करा, हवा की हवी ते ठरवा, मग न्ये लावा.

पण इथेच मराठीचा पहिला खड्डा. वस्तूप्रमाणे बदलतो हे बरोबर, पण रशियन वस्तूच्या लिंगाप्रमाणे, मराठी नाही. किल्ली आपल्याकडे स्त्री म्हणून मुलं ‘म्न्ये नुझ्ना क्ल्यूच’ म्हणतात, आणि पुस्तक आपल्याकडे नपुंसक म्हणून ‘नूझ्नो क्नीगा’. म्हणजे रचना बरोबर आणि हिशोब चुकीच्या वहीतला. सगळ्यात जास्त फसवणारा शब्द म्हणजे वेळ, रशियनमध्ये व्रेम्या. शेवट ‘या’ असल्याने तो स्त्रीलिंगी वाटतो पण आहे नपुंसक. ‘मला वेळ हवा’ म्हणजे ‘म्न्ये नूझ्नो व्रेम्या’. हा एक शब्द पाठ करून टाका, रोज लागतो.

भूतकाळात हवी होती, हवा होता, तसंच तिथे ‘बिल, बिला, बिलो, बिली’ येतं आणि तेही वस्तूप्रमाणे: ‘म्न्ये नुझ्ना बिला क्नीगा’. बोलणारी बाई आहे म्हणून ‘बिला’ नाही, पुस्तक स्त्रीलिंगी आहे म्हणून. मुलगी म्हणते ‘म्न्ये नूझेन बिल क्ल्यूच’ आणि मग मला विचारते, ‘मॅडम, मी मुलगी आहे ना, मग बिल कसं?’ मी तिला विचारते, तू मराठीत ‘मला पेपर हवा होता’ म्हणतेस की ‘हवी होती’ म्हणतेस? लगेच डोक्यात प्रकाश पडतो.

वस्तूऐवजी काम असेल, ‘आय नीड टू गो’, तर तिथे वस्तूच नाही, मग लिंग कोणाचं? कोणाचंच नाही, म्हणून नपुंसक एकवचन: ‘म्न्ये नूझ्नो इत्ती’. आपणही ‘मला जायला हवं’ म्हणतो, हवा नाही, हवी नाही. भूतकाळ ‘म्न्ये नूझ्नो बिलो इत्ती’, मला जायला हवं होतं. बोलताना नूझ्नोच्या जागी ‘नादो’ जास्त ऐकू येतो, तो न बदलणारा आहे, पण नादो शक्यतो कामासाठीच ठेवा, वस्तूंसाठी नूझेनचं कुटुंब.

आणि ‘या नूझेन’ असं म्हणालात तर? रशियन माणूस समजेल, पण त्याला समजेल की ‘मी हवा आहे’, म्हणजे कोणालातरी माझी गरज आहे. ‘ती म्न्ये नूझेन’, तू मला हवायस. वाक्य बरोबर आहे, छानही आहे, फक्त दुकानदाराला म्हणायचं नाही.

तिसरी जात म्हणजे जिथे कर्ताच नाही. ‘आय अॅम कोल्ड’. मराठीत ‘मला थंडी वाजतेय’, इथे निदान थंडी आहे वाजायला. रशियनमध्ये तीही नाही, नुसतं ‘म्न्ये खोलोद्नो’, म्हणजे मला थंड. इथे ‘मला बरं वाटतंय’, ‘मला कसंतरी होतंय’ ही वाक्यं आठवा, बरं, कसंतरी, सगळं नपुंसक, कर्ता शोधून सापडत नाही. म्न्ये खोरोशो, मला बरं वाटतंय. म्न्ये प्लोखो, मला बरं नाही. म्न्ये स्कूच्नो, मला कंटाळा आलाय. भूतकाळात सगळीकडे बिलो, भविष्यात सगळीकडे बूद्येत, बदलायचं काहीच नाही.

इंग्लिशमधून इथे आलात की मात्र खरंच पंचाईत. माझ्या एका विद्यार्थ्याने रशियात होस्टेलवर ताप चढल्यावर डॉक्टरांना सांगितलं ‘या प्लोखोय’. ‘आय अॅम’ म्हणून या, आणि मग वाईट. तो सांगत होता ‘मी वाईट माणूस आहे’. डॉक्टरबाईंनी म्हणे डोक्यावर हात ठेवून सांगितलं, नाही रे बाळा. तसंच ‘या खोलोद्नी’ म्हणजे मी हाताला गार लागतोय किंवा मनाने थंड आहे. वय सांगतानाही हेच: ‘म्न्ये द्वात्सात प्यात ल्येत’, मला पंचवीस वर्षं. या लावायचाच नाही.

आता एक अख्खा तुकडा करून बघू, कारण सुटी वाक्यं जमतात आणि परिच्छेदात घसरतं. इंग्लिशमध्ये असं आहे असं धरा: आय लाइक्ड द रूम, बट आय वॉज कोल्ड. आय नीडेड अ सेकंड ब्लँकेट अँड हॅड टू कॉल द लँडलेडी. शी इज फिफ्टी, अँड शी डिडन्ट लाइक माय क्वेश्चन. पाच ‘आय/शी’वाले कर्ते आणि सगळे माणसं. मी मुलांना सांगते, पेन खाली ठेवा, आधी घरी आईला फोनवर जसं सांगाल तसं सांगा. ‘खोली मला आवडली, पण थंडी वाजत होती. अजून एक रजई हवी होती, म्हणून मला मालकिणीला फोन करावा लागला. तिला पन्नास वर्षं झालीयत, आणि माझा प्रश्न तिला आवडला नाही.’ बघा, एकही माणूस कर्ता राहिला नाही.

आता रशियन. ‘कोम्नाता म्न्ये पोन्राविलास’, खोली पुढे आली कारण बोलणं खोलीबद्दल आहे, क्रम मराठीइतकाच मोकळा आहे, आणि ‘-लास’ खोलीमुळे. ‘नो म्न्ये बिलो खोलोद्नो’, कर्ता नाही म्हणून बिलो. ‘म्न्ये नूझ्नो बिलो व्तोरोये ओद्येयालो’, रजई आपल्याकडे हवी होती पण ओद्येयालो नपुंसक म्हणून नूझ्नो बिलो, इथे आपला मराठी कान सोडायचा. ‘इ म्न्ये प्रिश्लोस पोझ्वोनित खोझ्यायके’, प्रिश्लोस म्हणजे ‘करावं लागलं’मधलं लागलं, पुन्हा नपुंसक, आणि खोझ्यायके म्हणजे मालकिणीला, कारण रशियनमध्येही फोन कोणाला तरी करतात, कोणाला म्हणजे चतुर्थी. एका वाक्यात दोन ‘ला’, मला मालकिणीला, आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. ‘येय प्यात्देस्यात ल्येत, इ मोय वोप्रोस येय न्ये पोन्राविल्स्या’, वोप्रोस म्हणजे प्रश्न, पुल्लिंगी, म्हणून -ल्स्या.

नावं आली की मात्र ‘ला’ वेगळा न लागता शेवट बदलतो. सुरेश असेल तर सुरेशू, सुनीता असेल तर सुनीते. व्यंजनावर संपणारी बायकांची परकी नावं अजिबात बदलत नाहीत, काजल ती काजलच. म्हणून ‘काजल न्रावित्सा राहुल’ असं वाक्य आलं तर घोळ सोडवायचा राहुलकडे बघून, तो ‘राहुलू’ झालेला नाही म्हणजे तो प्रथमेत, आवडणारा तो आणि जिला आवडतो ती काजल.

शब्दांचं लिंग आणि ‘पाहिजे-नको’ सोडलं तर इथवर मराठीवर विसंबलात तरी चालेल. पण ‘मला दिसलं की म्न्ये’ असं मात्र समीकरण करू नका, कारण आपण ‘मला’ फारच उधळतो. मला माहितीये हे रशियनमध्ये ‘या झ्नायू’, साधा मी. मला आठवतंय, ‘या पोम्न्यू’. मला भूक लागलीय, ‘या खोचू येस्त’, मी खायला इच्छितो. मला ताप आहे, मला दोन बहिणी आहेत, हे तर वेगळ्याच घरात, ‘उ मेन्या’, माझ्याकडे. ‘उ मेन्या द्वे सेस्त्री’. इथे ‘म्न्ये द्वे सेस्त्री’ म्हटलंत तर ते कॉफीच्या काउंटरवर ‘म्न्ये द्वा कोफे’ म्हणतात तसं होतं, म्हणजे मला दोन बहिणी द्या, पार्सल. याला सोपा नियम नाही, पण ढोबळ अंदाज असा की डोक्याने करायच्या गोष्टी, जाणणं, आठवणं, बघणं, या ‘या’कडे जातात, आपल्या मालकीच्या आणि अंगातल्या गोष्टी ‘उ मेन्या’कडे, आणि आपल्यावर येऊन आदळणाऱ्या मनःस्थिती ‘म्न्ये’कडे. ‘दोल्झेन’ (पाहिजे, बांधील) याच्यासोबतही ‘या’च येतो, म्न्ये नाही, याची वेगळी नोंद ठेवा.

शेवटचा खड्डा पुढच्या पातळीचा आहे पण चांगली रशियन येणाऱ्यांनाही त्यात पडताना बघितलंय म्हणून सांगते. ‘इथे येऊन मला बरं वाटलं’, मराठीत वाक्य अगदी नितळ, येणारी मी आणि बरं वाटणारी मी, ‘मला’ असली तरी ‘येऊन’ माझ्याकडेच जातं. रशियनमध्ये ‘येऊन’ला ‘प्रियेखाव’ असं रूप आहे आणि मराठी माणूस लगेच लिहितो ‘प्रियेखाव स्युदा, म्न्ये स्तालो खोरोशो’. चूक. ते ‘-ऊन’ फक्त प्रथमेतल्या कर्त्याचं ऐकतं, ‘म्न्ये’चं नाही, आणि इथे प्रथमेत कोणीच नाही. मग वाक्य फोडायचं: ‘कोग्दा या प्रियेखाला स्युदा, म्न्ये स्तालो खोरोशो’, मी इथे आले तेव्हा मला बरं वाटलं. तसंच ‘आपला’चं. ‘त्याला आपलं काम आवडतं’ याला मुलं ‘येमू न्रावित्सा स्वोया राबोता’ लिहितात, कारण स्वोय म्हणजे आपला. पण काम इथे स्वतःच कर्ता आहे, म्हणून ‘येवो राबोता’ म्हणतात, त्याचं काम, आणि ते कुणाचं हे संदर्भावरून समजायचं.

आता गंमत म्हणून एक द्वाड जोडी घरी करून बघा. आपण म्हणतो ‘मला बसवत नाही’, ‘मला चालवत नाही’, म्हणजे अंगात ताकद नाही, पाठ धरलीय. रशियनमध्ये ‘म्न्ये न्ये सिदित्सा’ म्हणजे तेच ‘मला बसवत नाही’ दिसतं, सांगाडा सेम टू सेम, पण अर्थ असा की पाठ ठणठणीत आहे, नुसता जीव थाऱ्यावर नाही, उठून फिरावंसं वाटतंय. ‘म्न्ये न्ये स्पित्सा’ म्हणजे कारण नसताना झोप येत नाहीये. डॉक्टरांकडे पाठदुखीसाठी गेलात तर ‘न्ये सिदित्सा’ म्हणू नका, ‘या न्ये मोगू सिदेत’ म्हणा, मी बसू शकत नाही. आणि बघा, इथे पुन्हा ‘या’ आला.